एका बिल्ल्याचे दोन भाऊ

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्याचा हजेरीचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, हे मी अजून लोकांना सांगते. विचारलं नाही तरी सांगते. नव्वदचं दशक सरत आलं होतं, बाजारपेठेत मेडिकलच्या दुकानावर एक कॉम्प्युटर क्लास होता, आणि कापडे गावातून रोज एसटीने येऊन मी तिथे फॉक्सप्रो, म्हणजे याद्या सांभाळायची कॉम्प्युटरची भाषा, शिकले, मग शिकवू लागले, मग क्लासच्या सरांनी मला कारखान्याचं काम दिलं. गावात बायका माझ्या आईला विचारायच्या, ‘तुझी पोर कंपनीत काय करते गो?’ आई म्हणायची, ‘माणसं मांडते.’ आईला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझ्या कामाचं याहून बरं वर्णन कुणी केलेलं नाही.

कारखान्यात प्रत्येक कामगाराला एक पितळी बिल्ला असायचा. गोल, वर भोक, मध्ये ठोकलेला नंबर. गेटवर बिल्ला दाखवायचा, आतला माणूस नंबर टाइप करायचा, हजेरी लागायची. पगार, कँटीन, बस, डॉक्टरची तपासणी, सगळं त्या नंबरावर. प्रोग्रॅम लिहायच्या आधीच मी पर्सोनेल साहेबांना म्हटलं होतं की माणसाला एक वेगळा नंबर देऊ, बिल्ला नुसता बिल्ला राहू दे. साहेब पुण्याचे, बोलायला गोड, ऐकायला जड. म्हणाले, ‘मॅडम, इथे बिल्ला म्हणजेच माणूस. दोन दोन नंबर कुणाच्या लक्षात राहणार?’ मी तेव्हा बाविशीची, नवखी. गप्प बसले, पण माझं म्हणणं कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. माझा स्वभाव आहे तो.

एक गोष्ट मात्र मी माझ्या मनासारखी केली होती. कामगार सोडून गेला की त्याची ओळख पुसायची नाही. फॉक्सप्रोची रीत मुळातच तशी होती. ‘डिलीट’ म्हटलं की यादीतली त्या माणसाची ओळ जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते. ओळींची यादी उघडून बघितली तर डाव्या कडेला एक काळा चौकोन दिसतो, एवढंच. ‘रिकॉल’ म्हटलं की चौकोन जातो आणि ओळ जिवंत. खरोखर पुसायचं असेल तर ‘पॅक’ म्हणावं लागतं. मग सगळी फाईल नव्याने लिहिली जाते आणि काळ्या चौकोनाच्या ओळी त्यात येतच नाहीत. तिथून परत आणणं नाही. रोजच्या कामात ‘खूण केलेल्या ओळी दाखवू नको’ असं एकदा सांगून ठेवलं की त्या दिसत नाहीत.

मला हे फार पटलं, कारण आमच्याकडची माणसंही अशीच जातात. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतला माणूस आषाढात लावणीला गेला की कारखान्याच्या हिशेबी तो सुटला. लावणी, मग तण काढायची बेणणी झाली की परत दारात उभा. मुंबईला गेलेला भावाच्या खोलीत चार महिने काढून कंटाळला की तोही परत. म्हणून मी टाइम ऑफिसला एक बटण करून दिलं होतं, ‘परत घ्या’. सोडून गेलेल्यांची यादी उघडायची, माणूस शोधायचा, बटण दाबायचं. नाव, पत्ता, जुनी तपासणी, सगळं होतं तसं परत. टाइम ऑफिसमध्ये टाइमकीपर काका होते, बिरवाडीकडचे, साऱ्या आयुष्यात त्यांनी रजिस्टरवर तिरक्या अक्षरात नावं लिहिलेली. ते बटण बघून म्हणाले, ‘बाय गो, हे बेस केलंस.’ काका कुणाची उगीच स्तुती करणारे नव्हते, त्यामुळे तो आठवडा मी जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते.

या लपवालपवीतही खाचखळगे असतात, हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. बसच्या यादीची पडद्यावरची खिडकी मी वेगळी केली होती, आणि त्या भाषेत अशी वेगळी खिडकी आपल्यापुरता संसार मांडते. बाहेर ‘खुणेच्या ओळी दाखवू नको’ सांगितलेलं तिला लागू होत नाही, आत पुन्हा सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं. झालं असं की लावणीला गेलेल्यांची नावं बसच्या यादीत तशीच, आणि कंपनीची बस भर पावसात फाट्यावर हॉर्न वाजवत उभी. ड्रायव्हरने तीन दिवस वाट पाहिली, चौथ्या दिवशी टाइम ऑफिसात येऊन म्हणाला, ‘तो तिकडं गुडघाभर चिखलात हाय, आन मी त्याच्यासाठी डिझेल जाळतो.’ एका ओळीची दुरुस्ती होती. पण त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक खिडकीला मी पहिलं वाक्य तेच लिहिते. अजून कुणाचा कोड तपासायला घेतला की आधी तिथेच बघते, आणि दहातले सहा जण तिथेच सापडतात.

आता मूळ गोष्ट. एका सकाळी मी कारखान्यात पोचले तर टाइम ऑफिसच्या बाकावर एक माणूस बसला होता. तिशीचा, अंगाने दणकट, मुंबईहून परतलेल्याचा शर्ट. पोलादपूरच्या वरच्या कुडपणचा. त्याचा थोरला भाऊ याच कारखान्यात होता, आजारपणाने सोडून गेला; मग हा मुंबईची हॉटेलातली नोकरी टाकून त्याच्या जागी लागला. दोन वर्षं टेम्पररीत काढली आणि आता कायम व्हायची पाळी आली होती. कायम करायच्या नावांची यादी सोमवारी मुंबईच्या हेड ऑफिसला जाणार होती. त्यासाठी डॉक्टरची तपासणी, आणि तपासणीत तो नापास.

‘मॅडम, मी एकदम फिट हाय,’ तो म्हणाला. ‘डॉक्टरपण तपासून बोलला, फिट हाय. मंग पेपर बघितला नि बोलला, अनफिट. आता पेपर मोठा का मी मोठा?’

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, पन्नास जणांना बघायचे. त्यांच्यापुढे कॉम्प्युटरचा कागद असायचा: माणसाच्या आजवरच्या तपासण्या, रक्ताचे आकडे, शेरे. याच्या कागदावर पहिली तपासणी स्वच्छ, मग यकृताचे बिघडलेले आकडे होते, एकदा नव्हे, ओळीने चार वेळा. खाली शेरा, ‘रसायनांच्या खात्यात कायम काम देऊ नये’. हा शेरा बाजूला सारून सही करायला डॉक्टर तयार नव्हते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मी तो कागद हातात घेतला. पहिल्या तपासणीची तारीख बघितली आणि विचारलं, ‘त्या वर्षी तुम्ही कुठे होतात?’

‘दादरला. हॉटेलात भांडी विसळत होतो.’

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. माझा प्रोग्रॅम दादरच्या माणसाचं रक्त महाडला तपासत नाही. मी काकांकडे वळले. काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला, तेव्हाच मी ओळखलं.

‘काका, याचं नाव कसं घातलंत?’

काका अजिबात लपवाछपवी करणारे नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं. थोरला सोडून गेला तेव्हा बिल्ला त्याने धाकट्याच्या हातात दिला. ही इथली जुनी रीत. बापाचा बिल्ला मुलाला, भावाचा भावाला, एका वाडीचा बिल्ला त्या वाडीतच. कंपनीनेही कधी नाही म्हटलं नाही, नवीन बिल्ला ठोकायचा खर्च वाचतो. काकांनी धाकट्याचं नाव त्याच नंबरावर टाकायला घेतलं, तर मशीन घेईना. नंबर दुबार होतो म्हणून इंग्रजीत ओरडलं. काकांना नवल वाटलं. यादीत तर त्या नंबराचा कुणीच दिसत नव्हता.

दिसणार कसा? थोरल्याच्या ओळीवर काळा चौकोन होता, ती लपलेली होती. पण गेलेली नव्हती. आणि ‘एक नंबर एकदाच’ हा नियम जी अनुक्रमणी सांभाळते, म्हणजे इंडेक्स, तिला चौकोन दिसत नाही. तिच्या लेखी खूण केलेली ओळही ओळच. आपल्याला घर रिकामं दिसतं आणि आतून कडी लावलेली असते.

मग काकांनी डोकं चालवलं. त्यांनी सोडून गेलेल्यांच्या यादीतून थोरल्याला शोधलं, माझं ते कौतुकाचं बटण दाबलं, ‘परत घ्या’, आणि जिवंत झालेल्या ओळीत नाव बदललं. फक्त पहिलं नाव. बापाचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, वाडी तीच. एक शब्द बदलला आणि थोरल्याचा धाकटा झाला. थोरल्याची रुजू तारीख त्याला मिळाली, आणि बिल्ल्याच्या नंबराला जोडलेल्या थोरल्याच्या सगळ्या तपासण्याही मिळाल्या. दुसऱ्या कुठल्या मुलखात असं झालंच नसतं, कारण तिथे एवढं सगळं जुळलंच नसतं.

‘मला वाटलं, एकाच घरचं हाय,’ काका म्हणाले. ‘घरातल्या घरात.’

मी काकांवर चिडू शकले असते. चिडले नाही. ज्या मशीनने त्यांना दुबार नंबर दिला नाही तिला त्यांनी वळसा घातला, आणि वळसा घालायचा रस्ता त्यांना दुसऱ्या कुणी दाखवलाच नव्हता. मी चिडले ती साहेबांच्या केबिनमध्ये.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सोपं आहे मॅडम. रविवारी प्लांट बंद असतो. सगळे सोडून गेलेले एकदाचे पुसून टाका. पॅक मारा. माझा भाचा कॉम्प्युटर शिकतोय, तो म्हणतो, दर महिन्याला मारायला हवं. फाईल हलकी होईल, नंबर मोकळे होतील. मग या माणसाची ओळही काढा आणि नव्याने घाला. संपलं.’

‘आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी,’ मी म्हणाले. साहेबांना तोंडावर असं कुणी बोलत नसे. मी पुढे म्हटलं, ‘साहेब, कामगारांची फाईल वेगळी, तपासण्यांची फाईल वेगळी. कामगाराची ओळ पुसली तरी तपासण्या जागच्या जागी राहतात, बिल्ल्याच्या नंबराला धरून. उद्या तुम्ही त्याच नंबरावर कुणालाही घाला, ती जुनी काविळीची रक्तं त्याला येऊन चिकटणार. नव्याने घातलं तरी कागद हाच निघेल. आणि तेव्हा कुणाचं काय हे सांगायला थोरल्याची ओळही नसेल.’

 मग साहेबांनी ते वाक्य उच्चारलं ज्याच्यावर पुढे सगळं अडलं. ‘मग त्या नंबराच्या तपासण्याही पुसून टाका. थोरला तर सोडून गेलाय. त्याचं आता काय?’

खरं सांगते, धाकट्याची नोकरी तेवढ्याने वाचली असती. एक हुकूम, एक रविवार. सोमवारच्या यादीत त्याचं नाव गेलं असतं, आणि बाकावर बसलेल्या त्या माणसाला दुसरं काहीच नको होतं. पण थोरला या कारखान्यात आला तेव्हा धडधाकट होता आणि गेला तेव्हा डोळे पिवळे होते, याची जगात एकच नोंद होती आणि ती माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. ती मी पुसायची? मी म्हटलं, ‘साहेब, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. दोघंही वेगळे करून देते. पुसणार मात्र काही नाही.’

‘आणि नाही जमलं तर?’

‘तर यादी त्याच्याशिवाय जाईल, आणि मी कुडपणला जाऊन त्याच्या आईला सांगेन की माझ्या हट्टाने गेली.’  शब्द बाहेर पडला होता.

मग मी जे केलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी तेच केलं जे बाविशीत कागदावर लिहून दिलं होतं. प्रत्येक माणसाला एक आयुष्यभराचा नंबर. तो कुणी बघायचा नाही, कुणी पाठ करायचा नाही, आणि एकदा दिला की पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. तपासणी, हजेरी, पगार, सगळं त्या नंबराला बांधलं. बिल्ला हा माणसाच्या ओळीतला नुसता एक रकाना झाला. आणि सोडून गेलेल्यासाठी काळा चौकोन वापरणं बंद केलं. त्याऐवजी ‘सोडल्याची तारीख’ असा रकाना. रिकामा असेल तर माणूस कामावर आहे. तारीख असेल तर होता.

‘एक बिल्ला एकालाच’ हा नियम मी काढला नाही. काढला असता तर एकाच बिल्ल्यावर दोघे आत शिरले असते. नियम ठेवला, पण अनुक्रमणीला अट घातली: ज्यांची सोडल्याची तारीख रिकामी आहे तेवढेच मोज. बिल्ला सोडलेल्या दहा जणांच्या नावापुढे तोच नंबर असला तरी तिची हरकत नाही, पण कामावर असलेला दुसरा आला की दार बंद.

शुक्रवारी सकाळी मी ते गेटवर लावून बघितलं आणि पहिल्या पाळीची रांग रस्त्यापर्यंत गेली. वॉचमन माझ्याकडे असं बघत होता की मी त्याचं दार पळवलंय. गंमत अशी की अट घातलेली अनुक्रमणी नियम चोख पाळते, पण साधी शोधाशोध करताना फॉक्सप्रो तिला हातच लावत नाही. अख्खी फाईल पहिल्यापासून चाळत बसते. मी बिल्ल्याच्या रकान्यावर दुसरी, बिनअटीची अनुक्रमणी टाकली, फक्त शोधण्यासाठी. एक पहाऱ्याला, एक धावायला. दुसरी पाळी नेहमीसारखी आत गेली.

खरं कष्टाचं काम त्यानंतरचं. आता ओळी लपवणारं कुणी नव्हतं, तेव्हा कोण हवं आणि कोण नको हे प्रत्येक रिपोर्टला मीच सांगायचं. बसच्या यादीला फक्त कामावरचे. कँटीनलाही. पण मागच्या महिन्याच्या हजेरीला असं म्हणून चालत नाही; महिन्याच्या मध्यात सोडून गेलेला अर्धा महिना तर होता ना! आधीच्या रीतीत तो चौकोनाखाली गेला की त्याचे भरलेले दिवसही यादीतून गायब व्हायचे, आणि काका ते हाताने लिहीत होते, मला न सांगता. आणि डॉक्टरच्या कागदाला सगळ्या तपासण्या हव्यात, सोडून गेलेल्याच्याही, पण एका वेळी एकाच माणसाच्या, त्याच्या कायमच्या नंबरावरून. एकेक रिपोर्ट काढायचा, काकांच्या जुन्या रजिस्टराशी ताडायचा, पुढे जायचं. काका शेजारी बसून वाचून दाखवत होते. एकदा म्हणाले, ‘माझंच मी तपासतोय.’ मी म्हटलं, ‘तपासा, तपासा, शिक्षा आहे.’ दोघंही हसलो.

पुसणं मी अगदीच टाकून दिलं असं नाही. चुकून दोनदा टाइप झालेला माणूस, ज्याच्या नावावर एकही हजेरी नाही, तपासणी नाही, तो मी खरोखर पुसला. जो कधी नव्हताच त्याला ठेवून काय करायचं? पण जो होता, तो होता.

थोरल्याची मूळ ओळ मला जुन्या फ्लॉपीवर मिळाली. मी दर आठवड्याची प्रत बिस्किटाच्या डब्यात ठेवायची आणि क्लासमधले मला हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही. जुन्या प्रती आणि आजची फाईल शेजारी ठेवून बघितलं, तर नंबर तोच आणि पहिलं नाव वेगळं अशा आणखी काही जोड्या निघाल्या. बाप-लेक, काका-पुतण्या. सगळे वेगळे केले. कोणती तपासणी कुणाची हे तारखांवरून कळत होतं. एक गेला आणि दुसरा आला याच्यामध्ये प्रत्येक वेळी मोकळे आठवडे होते. तरी माणसाच्या रक्ताचा प्रश्न होता, मला अंदाजावर सही नको होती. मी धाकट्याला म्हटलं, ‘शनिवारी भावाला खाली घेऊन या. डॉक्टरही मुद्दाम येतायत.’

‘त्याला चालायला त्रास होतो, मॅडम.’

‘मग मी वर येते.’

‘नको नको, आणतो,’ तो घाईने म्हणाला. मला वाटतं मी वर गेले तर आईला काय सांगायचं, याची त्याला जास्त धास्ती होती.

शनिवारी दुपारी दोघं आले. कुडपणहून जीपने पोलादपूर, तिथून एसटी. थोरला वयाने फार नव्हता, पण शर्ट त्याच्या अंगावर टांगल्यासारखा होता. काकांनी उठून त्याला आपली खुर्ची दिली. डॉक्टरांनी फ्लॉपीवरून काढलेल्या तपासण्यांचा कागद हातात धरून त्याला एकेक विचारलं, कधी रक्त काढलं, कोणत्या खात्यात होतास, उलट्या कधी सुरू झाल्या. प्रत्येक उत्तर जुळत गेलं. मग त्यांनी दुसरा कागद मागितला. मी धाकट्याचा नंबर टाकला. प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला: दोनच तपासण्या, दोन्ही स्वच्छ. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, ती तिथे थांबली. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच सही केली.

साहेबही आले होते. मी म्हटलं, ‘हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब, तुम्हीच बघा,’ आणि त्यांच्यासमोर त्याच बिल्ल्यावर तिसरंच खोटं नाव टाकून दाखवलं. मशीनने नकार दिला. थोरला आणि धाकटा दोघंही त्याच नंबरावर, पण कामावर एकच. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही तेव्हा एक कागद दिला होतात ना?’ एवढंच. मी ‘हो’ म्हणाले, एवढंच. पण आतून मी काय झाले होते ते मलाच माहीत. बापरे! इतकी खूष मी लग्नातही नव्हते.

धाकटा सहीचा कागद दोन्ही हातांनी धरून उभा होता. साहेबांनी तो यादीला लावला. मग ते वळले ते थोरल्याकडे, आणि चांगल्याच मनाने म्हणाले, ‘तुमच्या भावाचं काम झालं. आता तुमचं आजारपणाचं सगळं इथे उगीच कशाला? तुम्ही तर सोडलंत. काढून टाकायला सांगू का मॅडमना? भावालाही पुढे कटकट नको.’

माझा हात कीबोर्डवर होता. मी थोरल्याची नोंद उघडली आणि पडदा त्याच्याकडे वळवला; आता ते माझं नव्हतंच, त्याचं होतं.

थोरल्याने पडद्याकडे बघितलं. त्याला वाचता येत होतं, सावकाश. स्वतःचं नाव, गाव, खातं, सगळ्या तपासण्या, बोट लावून शेवटपर्यंत गेला. ‘हा मीच ना?’ त्याने मला विचारलं.

‘तुम्हीच.’

‘बिल्ला मी त्याला दिला,’ तो म्हणाला. ‘माझी रेड्यांची जोडी दिली, माळावरचं नाचण्याचं शेत दिलं. मी काय करणार हाय त्याचं? पण हे नाय देत. हे माझं हाय गो ताय. हे माझ्या नावावर ऱ्हाव दे.’

धाकटा रडायला लागला, तिथेच, सगळ्यांसमोर. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. थोरल्याच्या ओळीत सोडल्याची तारीख घातलेली होतीच; मी ओळ तशीच राहू दिली.